पाच अंक, बेरीज तेरा

भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’ लिहून पूर्ण केली, तेव्हा त्यांचं वय ३६ वर्षांचं होतं. ग्रंथाच्या अगदी शेवटी ‘अंकपाश’ नावाचं एक छोटं प्रकरण येतं. अंकांची उलटापालट करून किती संख्या तयार होतात, याचे नियम त्यात आहेत. त्यातलं शेवटचं उदाहरण दिसायला साधं आहे: पाच स्थानांवर असे अंक मांडायचे, की त्यांची बेरीज तेरा व्हावी. अशा वेगवेगळ्या संख्या किती?

प्रश्न ऐकल्यावर कोणीही आधी मोजायलाच बसेल. ११११९ ही एक. ११११९ मधला नऊ सरकवला की ११११९, १११९१, ११९११, १९१११, ९११११ अशा पाच झाल्या. मग आठ आणि दोन घेऊन १११२८ आणि त्याची सगळी अदलाबदल. त्यानंतर सात आणि तीन, सात आणि दोन दुवे. अर्ध्या तासात कागद भरतो, आणि काही सुटलं का, काही दोनदा आलं का, हे सांगता येत नाही.

भास्कराचार्यांचा नियम चार ओळींच्या हिशोबात काम उरकतो. बेरजेतून एक वजा करा, म्हणजे १२. तिथून एकेक कमी करत, स्थानांपेक्षा एक कमी इतके आकडे मांडा: १२, ११, १०, ९. त्यांना अनुक्रमे १, २, ३, ४ ने भागून गुणाकार करा. ११८८० भागिले २४, उत्तर ४९५. नियमाला त्यांनी एक अटही जोडली आहे: बेरीज ही स्थानांच्या संख्येत नऊ मिळवून येणाऱ्या आकड्यापेक्षा लहान असली पाहिजे. इथे ५ आणि ९ मिळून १४, आणि १३ त्याहून लहान, म्हणून नियम चालतो. हे थोडक्यात सांगतो आहे, नाहीतर ग्रंथ फुगेल, असं म्हणून आचार्य पुढे जातात. नियम का चालतो, ते तिथे सांगितलेलं नाही.

ते समजून घ्यायला आज एक चित्र वापरतात. तेरा तारे एका ओळीत काढायचे आणि त्यांच्यामध्ये चार उभ्या दांड्या टाकायच्या. दांड्यांमुळे ताऱ्यांचे पाच गट पडतात, आणि डावीकडून प्रत्येक गटातले तारे मोजले की पाच अंक मिळतात.

★★★|★|★★★★|★★★|★★

हे चित्र म्हणजे ३१४३२. दांडी सरकवली की संख्या बदलते, आणि संख्या बदलायची तर दांडी सरकवावीच लागते. म्हणजे संख्या मोजण्याऐवजी दांड्यांच्या जागा मोजल्या तरी चालतं. तेरा ताऱ्यांमध्ये फटी बारा. त्यातल्या चार फटी निवडायच्या. बारातून चार निवडण्याचे प्रकार ४९५. ‘बेरजेतून एक वजा करा’ मधला तो एक कुठून आला, हेही इथे कळतं: ताऱ्यांपेक्षा फटी नेहमी एकने कमी असतात.

यात एक गोष्ट न सांगता गृहीत धरली गेली आहे. एका फटीत एकच दांडी बसते आणि ओळीच्या टोकांना दांडी ठेवता येत नाही, म्हणून कोणताही गट रिकामा राहत नाही. भास्कराचार्यांच्या पाचही अंकांत शून्य नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर समीकरण असं आहे:

अ + ब + क + ड + इ = १३

आणि प्रत्येक अक्षराची किंमत किमान १ आहे.

शून्य चालत असेल तर? ४००६३ हीसुद्धा पाच अंकी संख्या आहे आणि तिच्या अंकांची बेरीजही १३ च आहे. तिचं चित्र असं दिसेल:

★★★★|||★★★★★★|★★★

तीन दांड्या एकमेकींना चिकटल्या आहेत. त्यांच्यामधले दोन गट रिकामे, म्हणजे दोन शून्यं. आता फटी मोजून भागत नाही, कारण एकाच फटीत कितीही दांड्या मावतात आणि टोकांनाही ठेवता येतात. तेव्हा मोजायची पद्धत बदलायची. तारे १३ आणि दांड्या ४, मिळून १७ चिन्हांची ओळ. या १७ जागांपैकी दांड्या कोणत्या चार जागांवर बसणार, एवढंच ठरवायचं. उरलेल्या जागी तारे आपोआप येतात. सतरातून चार जागा निवडण्याचे प्रकार २३८०.

ही ओळ भौतिकशास्त्रातही येऊन गेली आहे. मॅक्स प्लांक यांनी १९०० साली उष्ण पदार्थांच्या प्रारणाचा सिद्धांत मांडताना ऊर्जेचे सारखे कण काही आंदोलकांमध्ये किती प्रकारे वाटता येतील, याचं सूत्र वापरलं होतं. १९१४ साली लायडेनमध्ये पॉल एरेनफेस्ट आणि हाइके कामरलिंग ओनेस यांनी ते सूत्र असंच चिन्हांच्या ओळीने सिद्ध करून दाखवलं. त्यांनी उदाहरण घेतलं ते चार आंदोलक आणि ऊर्जेचे सात कण. सात कण आणि तीन विभाजक, एकूण दहा चिन्हं, आणि उत्तर १२०. पुढे विल्यम फेलर यांच्या संभाव्यतेवरच्या १९५० च्या पाठ्यपुस्तकात तारे आणि दांड्या आल्या, आणि तिथून ही पद्धत ‘स्टार्स अँड बार्स’ या नावाने जगभरच्या वर्गांत पोचली.

आता आपल्या संख्यांकडे. २३८० या उत्तरात एक खोट आहे. त्यात ०४९०० सारख्या मांडण्याही मोजल्या गेल्या आहेत, आणि त्याला पाच अंकी संख्या कोणी म्हणत नाही. पहिला अंक किमान १ हवा. बाकीच्या चारांना शून्य चालेल. म्हणजे काही अक्षरांना खालची मर्यादा आहे आणि काहींना नाही. फटींचा हिशोब इथे लागू पडत नाही, कारण तो सगळ्यांना किमान एक देतो. सतरा चिन्हांचा हिशोबही जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण तो सगळ्यांना शून्य चालवून घेतो.

उपाय असा: ज्याला किमान जितकं हवं, तितकं त्याला वाटणी सुरू होण्याआधीच देऊन टाकायचं. पहिल्या गटाला एक तारा आधीच द्या आणि तो बाजूला ठेवा. उरले १२ तारे. हे बारा आता पाच गटांत कसेही वाटा, कोणालाही काहीही अट नाही. बारा तारे आणि चार दांड्या मिळून १६ चिन्हं, त्यातून चार जागा निवडण्याचे प्रकार १८२०.

एक तारा आधीच देऊन टाकल्यामुळे काही मांडण्या सुटत तर नाहीत ना, अशी शंका येते. ती फेडायला अक्षरं बदलून पाहावं. पहिल्या अंकातून एक वजा केल्यावर जे उरतं, त्याला प म्हणू. मग अ म्हणजे प + १, आणि समीकरण होतं:

प + ब + क + ड + इ = १२

इथे प शून्यापासून पुढे काहीही असू शकतो. जुन्या समीकरणाच्या प्रत्येक उत्तरातून एक वजा केला की नव्याचं एक उत्तर मिळतं, आणि नव्याच्या प्रत्येक उत्तरात एक मिळवला की जुन्याचं. जोड्या तंतोतंत लागतात, कोणी एकटं उरत नाही. म्हणून दोन्हींची मोजदाद सारखीच.

दुसऱ्या वाटेनेही पडताळा घेता येतो. एकूण २३८० मांडण्यांपैकी पहिला अंक शून्य असलेल्या किती? तिथे उरलेल्या चार जागांत १३ तारे वाटायचे, म्हणजे तारे आणि तीन दांड्या मिळून १६ चिन्हं, त्यातून तीन जागा: ५६०. २३८० मधून ५६० गेले की उरतात १८२०. दोन वाटांनी एकच आकडा आला.

हीच रीत भास्कराचार्यांच्या उदाहरणाला लावली तर फटींची युक्ती वेगळी शिकायचीही गरज उरत नाही. पाचही अंकांना आधीच एकेक तारा द्या. उरले ८ तारे, दांड्या ४, एकूण १२ चिन्हं. बारातून चार, म्हणजे पुन्हा ४९५. म्हणजे बारा फटी मोजल्या काय आणि बारा चिन्हं मोजली काय, हिशोब एकच.

मर्यादा प्रत्येकाची वेगळी असली तरी काही बिघडत नाही. समजा, दिवाळीला २० लाडवांचा डबा भरायचा आहे. लाडू चार प्रकारचे: बेसन, रवा, बुंदी आणि डिंक. घरच्यांची मागणी अशी की बेसनाचे किमान ५ आणि रव्याचे किमान ३ हवेत. बुंदी आणि डिंक कितीही चालतील, नसले तरी चालतील. अट नसती तर २० लाडू आणि ३ दांड्या, २३ चिन्हांतून तीन जागा, म्हणजे १७७१ प्रकारचे डबे. अट आहे म्हणून बेसनाचे पाच आणि रव्याचे तीन आधीच डब्यात ठेवा. उरले १२. बारा लाडू, तीन दांड्या, पंधरातून तीन जागा: ४५५. दांड्यांची संख्या मर्यादेमुळे बदलत नाही, हे लक्षात ठेवायचं. प्रकार चारच आहेत, म्हणून दांड्या तीनच. कमी होतात ते फक्त तारे.

मर्यादांची बेरीजच एकूण आकड्याच्या पुढे गेली, तर वाटायला काही उरत नाही आणि उत्तर शून्य येतं. बेरीज बरोबर २० झाली, तर डबा एकाच प्रकारे भरतो.

या जागी विद्यार्थी दोन ठिकाणी हमखास घसरतात. पहिली घसरण शब्दांची. ‘किमान ५’ आणि ‘५ पेक्षा जास्त’ यांत एका लाडवाचा फरक आहे. ५ पेक्षा जास्त म्हणजे किमान ६. मग आधी ठेवायचे लाडू नऊ, उरलेले अकरा, आणि उत्तर चौदातून तीन, म्हणजे ३६४. दोन उत्तरांतला फरक ९१ आहे. हे ९१ म्हणजे ज्यांत बेसनाचे बरोबर पाच लाडू आहेत असे डबे. ते वेगळे मोजूनही पाहता येतात: रव्याचे तीन ठेवल्यावर उरलेले १२ लाडू तीन प्रकारांत वाटायचे, चौदातून दोन जागा, ९१.

दुसरी घसरण जास्त महागात पडते. ‘आधी पाच लाडू ठेवा’ म्हटलं की काही जण वीसातले कोणते पाच, असा विचार करतात आणि त्या निवडीचे प्रकार गुणून टाकतात. छोट्या उदाहरणात चूक चटकन दिसते. तीन लाडू, दोन प्रकार, बेसनाचा किमान एक. खरी उत्तरं मोजकी आहेत: बेसनाचे एक, दोन किंवा तीन. एकूण तीन. सूत्रही तेच देतं: उरलेले दोन लाडू आणि एक दांडी, तीनातून एक जागा. आता ‘तीनातला कोणता लाडू आधी ठेवला’ याचे तीन प्रकार गुणले, तर उत्तर नऊ येतं. एका प्रकारचे लाडू एकमेकांपासून ओळखू येत नाहीत, डब्यात कोणता लाडू आधी ठेवला याला काही अर्थ नाही, हेच इथे विसरलं जातं. तारे एकसारखे असतील तरच ही पद्धत चालते. वीस वेगवेगळ्या मुलांना चार वर्गांत वाटायचं असेल, तर हा हिशोब तिथे लावू नये.

मर्यादा शून्याच्या खाली असली तरी रीत तीच, फक्त उलट्या दिशेने. तीन पूर्णांकांची बेरीज ४ हवी आणि प्रत्येक पूर्णांक किमान उणे २ चालेल, असं असेल तर प्रत्येकात दोन मिळवायचे. बेरीज होते १०, मर्यादा होते शून्य, आणि उत्तर बारातून दोन, म्हणजे ६६. मात्र प्रत्येक अक्षराला खालून कुठेतरी आधार लागतोच. तिघांपैकी दोघांचा आधार काढून घेतला, तर एक कितीही खाली जाईल आणि दुसरा तितकाच वर चढून बेरीज सांभाळेल. मग उत्तरं अनंत होतात आणि मोजण्यासारखं काही उरत नाही.

आता त्या १८२० कडे पुन्हा पाहावं लागतं, कारण तेही शेवटचं उत्तर नाही. दांड्यांना अंक म्हणजे काय ते ठाऊक नसतं. तेराही तारे पहिल्या गटात आले तरी त्यांची हरकत नसते. पण तेरा हा अंक नाही. अंक नऊपर्यंतच असतो. खालची मर्यादा आधी देऊन सुटते, वरच्या मर्यादेला अशी सोपी वाट नाही. तिथे चुकीच्या मांडण्या शोधून वजा कराव्या लागतात.

गंमत म्हणजे शोधायलाही खालची मर्यादाच उपयोगी पडते. पहिला अंक नऊच्या वर गेला, याचा अर्थ तो किमान १० आहे. दहा तारे त्याला देऊन टाका, उरले तीन. तीन तारे, चार दांड्या, सातातून चार जागा: ३५ मांडण्या चुकीच्या. दुसरा अंक नऊच्या वर गेला, तर त्याला दहा आणि पहिल्याला ठरलेला एक द्यावा लागतो, उरले दोन. दोन तारे, चार दांड्या, सहातून चार: १५. तिसरा, चौथा आणि पाचवा यांचेही पंधरा-पंधरा, म्हणून चौघांचे ६०. एकाच मांडणीत दोन अंक दहाच्या पुढे जाऊ शकत नाहीत, कारण तारे तेराच आहेत. म्हणून काही दोनदा वजा होण्याची भीती नाही. एकूण चुकीच्या मांडण्या ९५. १८२० मधून ९५ गेले, उरले १७२५. अंकांची बेरीज १३ असलेल्या पाच अंकी संख्या इतक्या आहेत.

बेरीज मोठी असती, तर दोन अंक एकाच वेळी दहाच्या पुढे जाऊ शकले असते. तशी मांडणी दोघांच्याही नावावर वजा होते, म्हणून ती एकदा परत मिळवावी लागते. पहिला अंक त्या दोघांत नसेल, तर पाच अंकांची बेरीज २१ असेल तेव्हा हे पहिल्यांदा घडतं, कारण दोन दहा आणि पहिल्या अंकाचा एक मिळून २१ होतात. पहिला अंक स्वतःच त्या दोघांत असेल, तर २० लाही घडतं.

भास्कराचार्यांच्या ४९५ मधून मात्र काहीच वजा करावं लागलं नाही. कारण त्यांच्या अटीत आहे. पाचही अंकांना किमान एक दिला, तर एका अंकाला जास्तीत जास्त किती मिळेल? बाकीच्या चौघांचे चार तारे बाजूला, उरले नऊ. म्हणजे खालच्या मर्यादेनेच वरची मर्यादा राखली. बेरीज १४ केली की हे कुंपण मोडतं: नियमाने तेरातून चार, म्हणजे ७१५ हे उत्तर येतं, पण त्यात १०, १, १, १, १ ही मांडणी आणि तिच्यातला दहा सरकवून होणाऱ्या अशा पाच मांडण्या शिरलेल्या असतात. खरं उत्तर ७१०. बेरीज स्थानांच्या संख्येत नऊ मिळवून येणाऱ्या आकड्यापेक्षा लहानच हवी, ही अट आचार्यांनी नेमकी त्या जागेवर ठेवली आहे, जिथे पहिली चूक आत शिरते.

चाळीसगावजवळच्या पाटण इथे तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याची नोंद त्यात मिळते. त्या मठात अंकपाश शिकवताना नियमाची कारणं कशी उलगडत असतील, याची नोंद शिलालेखात नाही.

वाचकांनी हात चालवून पाहण्यासाठी एक उदाहरण: अंकांची बेरीज १० असलेल्या चार अंकी संख्या किती? पहिल्या अंकाला एक तारा आधी द्या, उरलेले नऊ तारे आणि तीन दांड्या मांडा, बारातून तीन जागा निवडा, म्हणजे २२० मिळतात. मग त्यांत अंक नसलेला आकडा कुठे शिरला आहे का ते शोधा. अशी एकच मांडणी सापडेल, पहिल्या जागी दहा आणि पुढे तीन शून्यं. ती काढली की उत्तर २१९.